तान्ह्याला ताप आणि शूला उग्र वास: अँटिबायोटिकच्या आधी सँपल कसं घ्यायचं

गोव्यात पाऊस सुरू झाला की दवाखान्यांत तापाच्या पोरांची रांग लागते. ताप म्हटलं की पहिलं डोक्यात येतं डेंग्यू, मग व्हायरल, आणि घरात आजी असेल तर तिचं ठरलेलं असतं, "दात येतायत गो, आणि काय!" रक्त लगेच तपासतात, सीबीसी होते, प्लेटलेट चांगले दिसले की सगळे निवांत, आणि शूची तपासणी राहून जाते, कारण दीड वर्षाच्या पोराची शू डबीत धरायची कशी हाच मोठा प्रश्न असतो. मी लॅबमध्ये काम करते, लहान मुलांच्या लघवीची सँपल रोज हातातून जातात. त्यातली कितीतरी आम्ही कल्चरला लावतो, म्हणजे जंतू वाढवून बघतो, पण बाहेरचे जंतू मिसळलेले असल्याने रिपोर्टवर शेवटी "मिक्स्ड ग्रोथ, रिपीट सँपल" असं लिहावं लागतं, आणि तोपर्यंत बाळाला अँटिबायोटिकचे चार डोस जाऊन झालेले असतात, म्हणजे परत तपासूनही उपयोग नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, खास करून दोन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी.

आधी वासाचं काय ते बोलू

बरेच आईबाप वासामुळेच येतात. डायपर उघडला आणि भपकन वास आला, म्हणून इन्फेक्शन असणार. तसं असूही शकतं, पण नुसत्या वासावर काही ठरत नाही. ताप असला की बाळ कमी पितं, घाम जातो, शू घट्ट आणि पिवळी होते आणि तिला वास मारतोच. रात्रभराचा डायपर असेल तर बाहेर पडलेल्या शूमधल्या युरियाचा अमोनिया झालेला असतो, तो नाकात जातो. काही अँटिबायोटिक आणि व्हिटॅमिनच्या सिरपनेही वास बदलतो.

उलटंही तितकंच खरं. इन्फेक्शन आहे आणि वास अजिबात नाही अशी सँपल आमच्याकडे नेहमी येतात. त्यामुळे वास आला तर डॉक्टरांना जरूर सांगा, त्याने शंका थोडी वाढते, पण "वास नाही म्हणजे शू साफ आहे" असं धरून चालू नका. बाळ खेळतंय, ताप नाही, नीट पितंय आणि फक्त वास आहे, तर दूध-पाणी वाढवा आणि एक-दोन दिवस बघा (सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी नाही, अंगावरचंच दूध जास्त वेळा). वासासोबत ताप असेल तर मात्र वाट बघायची नाही.

कोणत्या तापात शू तपासायचीच

मोठं माणूस सांगतं की जळजळ होतेय, परत परत लागतेय. तान्हं बाळ काय सांगणार. त्याचं लघवीचं इन्फेक्शन म्हणजे बऱ्याचदा फक्त ताप. सर्दी नाही, खोकला नाही, कान ठीक, घसा ठीक, जुलाब नाहीत आणि ताप मात्र 102 वर जाऊन बसलाय. कधी उलट्या, कधी दूध नको, कधी नुसती किरकिर. अगदी नवजात बाळात तापही नसतो, कावीळ लांबते किंवा वजन वाढत नाही एवढंच दिसतं. दोन वर्षांच्या आतली ताप घेऊन आलेली 100 मुलं घेतली तर साधारण 7 जणांच्या लघवीत इन्फेक्शन निघतं, त्यामुळे हे काही फार दुर्मिळ प्रकरण नाही.

वयाप्रमाणे हिशेब वेगळा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 किंवा त्याच्या वर ताप आला तर लॅब शोधत बसू नका, शू घरी पकडायच्या भानगडीत पडू नका, सरळ मुलांचे डॉक्टर असलेल्या हॉस्पिटलात जा. म्हापसा-मडगावचं जिल्हा हॉस्पिटल असो नाहीतर बांबोळीला जीएमसी, आणि बाळ सुस्त असेल तर 108 ला फोन करा. या वयात लघवीतले जंतू रक्तात उतरायला वेळ लागत नाही, तिथे रक्त, लघवी, गरज पडली तर पाठीतलं पाणीसुद्धा तपासतात आणि अँटिबायोटिक शिरेतून देतात.

तीन महिने ते दोन वर्षांच्या मुलाला 100.4 च्या वर ताप आहे आणि डॉक्टरांना तपासून तापाचं ठाम कारण सापडत नाहीये, तर युरिन तपासायला हवी. मुलगी असेल, वर्षाच्या आतला मुलगा असेल, ताप 102 च्या वर असेल, दोन दिवस होऊन गेले असतील किंवा आधी एकदा इन्फेक्शन झालं असेल तर आणखीच. थोडं नाक वाहतंय म्हणून व्हायरल ठरवून सोडतात, पण सर्दी आणि लघवीचं इन्फेक्शन एकाच वेळी असू शकतं. आणि दातांचं म्हणाल तर दात येताना अंग किंचित कोमट होईल, लाळ गळेल, पण 102 ताप दातांनी येत नाही. पॅरासिटामॉलने ताप उतरला, बाळ हसायला लागलं, यानेही काही सिद्ध होत नाही, कारण ते औषध कुठलाही ताप उतरवतं.

डॉक्टरांनी स्वतःहून युरिन लिहिली नाही तर तुम्ही विचारा. "डॉक्टर, तापाचं कारण दिसत नाहीये तर शू तपासून घेऊया का?" एवढं विचारलं तर कोणी रागवत नाही.

एवढी घाई कशाला

कारण तापासोबतचं इन्फेक्शन बहुतेक वेळा मूत्राशयापुरतं राहत नाही, ते किडनीपर्यंत पोचलेलं असतं. जंतू बहुतांशी ई कोलाय, शीतले, ते बाहेरून मूत्रमार्गाने वर चढतात. काही मुलांत मूत्राशयातली शू उलटी किडनीकडे जाते, त्याला रिफ्लक्स म्हणतात, आणि तापासोबत असं इन्फेक्शन झालेल्या मुलांत साधारण तीन-चार जणांमागे एकाला तो असतो. सूज किडनीत राहिली तर तिथे कायमचा व्रण पडू शकतो. ताप सुरू झाल्यापासून तीन दिवसांपेक्षा जास्त उशिराने उपचार सुरू झाले तर व्रणाची शक्यता वाढते असं दिसलंय. बहुतेक मुलं वेळेत औषध मिळालं की ठणठणीत बरी होतात, पण वेळेत म्हणजे तीन दिवसांच्या आत, आणि आपल्याकडे त्यातले दोन दिवस "व्हायरल असेल, बघूया" यातच निघून जातात.

दुसरी घाई अँटिबायोटिकची, आणि ही उलट्या बाजूची. घरात उरलेली बाटली असते, मेडिकलवाला देतो, आणि सँपलच्या आधीच एक डोस जातो. जंतू औषधाला दाद देणारा असेल तर काही तासांतच शूमधून नाहीसा होतो, मग कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. रिपोर्ट "नो ग्रोथ", इन्फेक्शन होतं की नव्हतं कुणालाच कळत नाही, आणि औषध अर्ध्यावर बंद होतं. म्हणून आधी सँपल, मग डोस. अपवाद एकच, बाळ खरंच गंभीर असेल आणि डॉक्टर म्हणाले की आता थांबायचं नाही, तर तिथे वाद घालू नका.

शू धरायची कशी

शू मिळवायच्या चार पद्धती आहेत आणि रिपोर्टचा अर्थ कसा लावायचा हे कुठली पद्धत वापरली त्यावर ठरतं. ऑस्ट्रेलियातल्या एका मुलांच्या हॉस्पिटलात मोजलं तेव्हा चिकटवायच्या बॅगेतल्या सँपलपैकी जवळजवळ निम्मी बाहेरच्या जंतूंनी खराब निघाली, थेट डबीत धरलेल्यांपैकी साधारण चारांत एक, नळीने काढलेल्यांपैकी आठ-नवांत एक आणि सुईने काढलेल्यांपैकी शंभरात एक. माझा अनुभवही साधारण याच क्रमाचा आहे.

*थेट डबीत धरणं.* घरी किंवा दवाखान्यात करण्यासारखी हीच पद्धत, वेळखाऊ आहे पण बाळाला काही त्रास नाही. लॅबमधून स्टराइल डबी आणा, झाकण सील असलेली. घरातली औषधाची बाटली उकळून आणलेली चालत नाही, लोक आणतात. बाळाला पाजा किंवा पेज-बीज भरवा, साधारण वीस-पंचवीस मिनिटं जाऊ दे. मग तुमचे हात साबणाने धुवा आणि बाळाची जागा कोमट पाण्याने आणि मऊ कापसाने पुसा. मुलीला पुढून मागे पुसायचं, फटी हलकेच उघडून, आणि एक बोळा एकदाच वापरायचा. मुलाची कातडी जेवढी सहज मागे जाते तेवढीच न्यायची, ओढायची नाही, तान्ह्या मुलांची ती चिकटलेलीच असते. डेटॉल, सॅव्हलॉन लावू नका, ते शूमध्ये उतरलं तर जंतू वाढतच नाहीत. पावडर, तेल, रॅश क्रीम काहीही लावलेलं असेल तर धुऊन काढा आणि जागा कोरडी करा.

आता बाळाला डायपरशिवाय मांडीवर घ्या, खाली टॉवेल, डबी उघडून एका हातात. झाकणाची आतली बाजू कुठे टेकवू नका, तिला बोट लावू नका. खरं सांगायचं तर इथे दोन माणसं लागतात, एक धरायला आणि एक टक लावून बघायला, कारण तुम्ही मोबाईल बघितला त्याच क्षणी बाळ शू करणार हे ठरलेलंच आहे. पहिली धार सोडून द्या, मधली धरा. तेवढं जमलं नाही तर मिळेल ती धरा, फक्त डबी अंगाला लागू देऊ नका. 2 मिली मिळाली तरी कल्चर होतं, डबी भरायची गरज नाही. शीचा डाग लागला तर ते सँपल गेलं, टाकून द्या, परत धुऊन परत बसा.

बसून बसून कंटाळा येतो म्हणून दोन युक्त्या. एक, महिना ते वर्षाच्या बाळासाठी. कापसाची पट्टी किंवा गॉज थंड पाण्यात किंवा सलाइनमध्ये भिजवून बेंबीच्या खाली, शूच्या जागेच्या वर, ओटीपोटावर हलके हलके गोल फिरवत राहायचं. ऑस्ट्रेलियातच याचा नीट अभ्यास झालाय, 2017 मध्ये छापून आला. पाच मिनिटांत शू झाली अशी बाळं या पद्धतीने साधारण तिघांत एक, आणि नुसतं वाट बघण्यात आठांत एक. म्हणजे जादू नाही, पण फुकट आहे आणि निरुपद्रवी आहे. दुसरी युक्ती अगदी नवजात बाळांसाठी, ती नर्सकडून करून घ्या. दूध पाजून पंचवीस मिनिटं झाली की एकजण बाळाला काखेत धरून पाय लोंबते ठेवतो, दुसरा दोन बोटांनी ओटीपोटावर हलक्या टिचक्या मारतो अर्धा मिनिट, मग कमरेजवळ मणक्याच्या दोन्ही बाजूंना अंगठ्याने हलकं चोळतो अर्धा मिनिट, असं आलटून पालटून. पाच मिनिटांच्या आत बऱ्याचदा काम होतं.

*चिकटवायची बॅग.* प्लास्टिकची छोटी पिशवी, भोवती गोंद, शूच्या जागेवर चिकटवायची. लॅबवाले हीच देतात कारण सोपी. पण शू आधी कातडीवरून वाहते मग पिशवीत साठते, आणि तिथे शीतले जंतू असतातच, कितीही धुवा. आपल्याकडच्या दमट हवेत आणखी एक भानगड, घामाने गोंद सुटतो, पिशवी सरकते, आई दाबून परत चिकटवते, आणि मग त्यात काय काय जातं ते विचारू नका.

मग बॅग टाकाऊ का? तशी नाही. बॅगेतली शू रुटीन तपासली, म्हणजे कल्चर न करता लगेच पट्टीवर आणि मायक्रोस्कोपखाली बघितली, आणि पूर्ण साफ आली, पस सेल्स नाहीत, पांढऱ्या पेशी दाखवणारं ल्यूकोसाइट नाही, जंतू बनवतात ते नायट्राइट नाही, तर इन्फेक्शन नसण्याची शक्यता खूप आहे. म्हणजे "नाही" म्हणायला बॅग चालते, "आहे" म्हणायला चालत नाही. बॅगेतल्या शूचं कल्चर मात्र मी माझ्या माहितीतल्या कोणालाही करू देत नाही. बॅग लावायचीच असेल तर धुऊन कोरडी केलेल्या कातडीवर लावा, दर दहा मिनिटांनी बघा, शू झाली की लगेच काढा, आणि अर्ध्या तासात झाली नाही तर परत धुऊन नवीन बॅग. दोन तास तीच बॅग लावून ठेवणं म्हणजे जंतूंना घर करून देणं.

आणि कृपया डायपर पिळून, कापूस पिळून शू आणू नका. डबी बघून आम्हाला कळतं, धागे तरंगत असतात.

*नळी.* याचीच आईबापांना सगळ्यात भीती वाटते आणि खरं तर शंका पक्की करायची असेल तर ही पद्धत चांगली. हॉस्पिटलात नर्स किंवा डॉक्टर करतात, वेळ दोन-तीन मिनिटं. तान्ह्यांना वापरतात ती नळी बारीक असते, बहुतेक ठिकाणी 5 किंवा 6 नंबरची इन्फंट फीडिंग ट्यूबच. जागा अँटिसेप्टिकने पुसतात, जेली लावतात, नळी मूत्राशयापर्यंत सरकवतात, पहिले काही थेंब टाकून देतात आणि पुढची शू डबीत घेतात, नळी लगेच बाहेर. बाळ रडतं, पण निम्मं रडणं धरून ठेवल्याचं असतं. नंतर एखादवेळ शूत थोडं रक्त दिसू शकतं किंवा शू करताना रडू शकतं, एका दिवसात जातं. "पोरीला नळी घातली तर पुढे काही होईल का" असं विचारणाऱ्या आज्या भेटतात, तर नाही, काही होत नाही, ती जागा वेगळी. बाळाने नळी घालायच्या अगदी आधी शू केली तर मूत्राशय रिकामं मिळतं आणि काहीच येत नाही, म्हणून जाताना शेवटच्या शूची वेळ लक्षात ठेवा आणि सांगा. आणि हो, नळी घालायच्या तयारीत असतानाच गार अँटिसेप्टिक लागून बरीच बाळं धार सोडतात, हुशार नर्स हातात उघडी डबी तयार ठेवते.

*सुई.* ओटीपोटातून थेट मूत्राशयात बारीक सुई, शक्यतो सोनोग्राफीवर मूत्राशय भरलेलं बघून. ऐकायला भयंकर वाटतं पण सगळ्यात स्वच्छ सँपल हेच. तान्ह्यांत, किंवा मुलाची कातडी इतकी घट्ट आहे की नळी जाणारच नाही तेव्हा करतात. हे हॉस्पिटलातलंच काम.

सँपल मिळालं, आता घड्याळ सुरू

ई कोलाय उबेत वीस मिनिटांत दुप्पट होतो. कातडीवरचे पाच-दहा जंतू डबीत पडले आणि डबी मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत दोन तास फिरली तर लॅबमध्ये पोचेपर्यंत त्यांची फौज झालेली असते. तासाभरात लॅबमध्ये देता आली तर उत्तम. नाहीतर लगेच फ्रीजमध्ये, खालच्या कप्प्यात, झाकण घट्ट, पिशवीत घालून. फ्रीझरमध्ये नाही. फ्रीजमधलं सँपल कल्चरला चोवीस तासांपर्यंत चालतं, पण पस सेल्स फुटत जातात म्हणून रुटीन तपासणी जितकी लवकर तितकी बरी. नेताना बर्फाचा पॅक आणि डबा.

सत्तरी, पेडणे, सांगेकडच्या लोकांसाठी खास सांगते. गावातलं कलेक्शन सेंटर म्हणजे लॅब नव्हे. तिथून सँपल म्हापशाला, पणजीला, मडगावला जातं, आणि गाडी दिवसातून एकदा-दोनदाच येते. डबी द्यायच्या आधी विचारा की गाडी किती वाजता येते आणि तोवर तुम्ही हे फ्रीजमध्ये ठेवणार का. रविवार असेल तर सरळ हॉस्पिटलच्या लॅबला द्या. डबीवर बाळाचं नाव, वेळ, आणि कशी घेतली ते लिहून घ्या: बॅग, डबी की नळी. हे शेवटचं जवळजवळ कोणीच लिहीत नाही आणि त्यावरच आमचा अर्धा निर्णय असतो.

एक केस, आकड्यांसकट

नऊ महिन्यांची मुलगी, वाळपईच्या बाजूची. सोमवारी संध्याकाळी 101 ताप, मंगळवारी डॉक्टरांना घसा थोडा लाल दिसला, पॅरासिटामॉल दिलं. बुधवारी पहाटे 103, दोनदा उलटी, आणि आईने सांगितलं की डायपरला कालपासून घाण वास येतोय. डॉक्टरांनी सीबीसी आणि युरिन लिहिली. सकाळी बॅग लावली, सव्वा तासाने शू झाली, रुटीन तिथेच झालं आणि उरलेलं सँपल दुपारच्या गाडीने कल्चरला गेलं.

रुटीनमध्ये पस सेल्स 15 ते 20, ल्यूकोसाइट दोन प्लस, नायट्राइट निगेटिव्ह. साधारणपणे पाचपर्यंत पस सेल्स आम्ही ठीक धरतो. वडिलांनी नायट्राइट निगेटिव्ह वाचून कोणालातरी फोन केला आणि त्याने सांगितलं इन्फेक्शन नाही. इथे बरेच जण फसतात. जंतूंना शूतल्या नायट्रेटचं नायट्राइट करायला मूत्राशयात साधारण चार तास हवे असतात, आणि तान्हं बाळ तर तासातासाला शू करतं, मग नायट्राइट बनणार कधी? त्यामुळे बाळात नायट्राइट पॉझिटिव्ह आलं तर ते मोठं लक्षण, निगेटिव्ह आलं तर त्याला काही किंमत नाही.

त्यांच्या डॉक्टरांनी मात्र बरोबर केलं. बॅगेतलं रुटीन खराब आलंय, म्हणजे आता खात्री करायला हवी, आणि अँटिबायोटिक तर आजच सुरू करायला हवं. म्हणून त्याच संध्याकाळी हॉस्पिटलात पाठवून नळीने शू काढायला लावली, आणि ती डबीत पडल्यावरच पहिला डोस दिला, सेफिक्झिम.

शुक्रवारी दोन्ही कल्चरचे रिपोर्ट आले. बॅगेचा: तीन प्रकारचे जंतू, मिक्स्ड ग्रोथ, रिपीट करा. नळीचा: एकच जंतू, ई कोलाय, एका मिलीत एक लाखाहून जास्त. एकच जंतू आणि तोही भरपूर, हे खऱ्या इन्फेक्शनचं चिन्ह. नळीच्या सँपलमध्ये 50 हजारांच्या वर असलं तरी धरतात, डबीत धरलेल्यात साधारण लाख लागतात. त्या मुलीचं नुसतं बॅगेचंच कल्चर केलं असतं तर शुक्रवारी हातात काहीच नव्हतं.

आणि खरी गंमत पुढे. ताप शुक्रवारीही 102 होता, अँटिबायोटिकला अठ्ठेचाळीस तास झाले तरी. नळीच्या रिपोर्टखाली औषधांची यादी होती, त्यात सेफिक्झिमपुढे रेझिस्टंट आणि अमिकासिनपुढे सेन्सिटिव्ह. औषध का लागू पडत नाही ते कळलं, रोज एक इंजेक्शन सुरू केलं आणि रविवारी ताप गेला. त्याच यादीत नायट्रोफ्युरँटॉइनपुढेही सेन्सिटिव्ह लिहिलं होतं, आणि वडील म्हणत होते तोंडाने द्यायचं औषध आहे तर तेच देऊ. पण ते औषध शूमध्ये चांगलं उतरतं, किडनीच्या मांसात पुरेसं पोचत नाही, ताप असलेल्या इन्फेक्शनला चालत नाही. यादीतलं सेन्सिटिव्ह बघून आपण औषध निवडायचं नसतं, एवढ्यासाठी हे लिहिलं.

रिपोर्ट आल्यावर

कल्चरला दोन ते तीन दिवस लागतात, ते लवकर होत नाही, जंतू वाढायलाच वेळ हवा. तोपर्यंत डॉक्टर अंदाजाने औषध देतात, ते द्या. कल्चर "नो ग्रोथ" आलं, सँपल औषधाच्या आधीचं होतं आणि नीट घेतलेलं होतं, तर डॉक्टर बहुतेकदा औषध थांबवतात आणि तापाचं दुसरं कारण बघतात, तेही कामाचंच. इन्फेक्शन निघालं तर तापाच्या केसमध्ये औषध साधारण सात ते दहा दिवस चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ खेळायला लागतं आणि तिथेच बाटली फ्रीजच्या मागे जाते, तसं करू नका. बाळ बरं असेल तर कोर्स संपल्यावर परत कल्चर करायची सहसा गरज नसते, नुसत्या समाधानासाठी बॅग लावून केलं की मिक्स्ड ग्रोथ येते आणि परत सगळं घर टेन्शनमध्ये.

पहिल्या तापाच्या इन्फेक्शननंतर किडनी आणि मूत्राशयाची सोनोग्राफी करून घेतात, ती करा, त्यात दुखण्यासारखं काही नाही. त्यात काही वेगळं दिसलं किंवा इन्फेक्शन परत झालं तर डॉक्टर नळीतून औषध सोडून रिफ्लक्स बघायचा एक्स-रे किंवा काही महिन्यांनी किडनीतला व्रण बघायचा डीएमएसए स्कॅन सांगतात. सगळ्यांना लागत नाही.

आणि एकदा झालेल्या बाळाला पुढे कधीही कारण न दिसता ताप आला तर दोन दिवसांच्या आत शू तपासायची, पहिल्याच दिवशी झाली तर अजून छान. आमच्याकडे येणाऱ्या एका आईने त्यासाठी दोन सीलबंद डब्या घरी आणून ठेवल्यात आणि जुन्या कल्चरच्या रिपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये, म्हणजे रात्री नवीन डॉक्टरांकडे जावं लागलं तरी मागच्या वेळी कुठला जंतू होता आणि कुठलं औषध चाललं नव्हतं ते दाखवता येतं.